टेन्शन आलं की हात आपोआप डब्याकडे? सात दिवसांची वही आणि त्यापुढचं सगळं

संध्याकाळी पावणेसातला घरात शिरायचं, बॅग अजून खांद्यावरच, आणि ओट्यापाशी उभं राहून बिस्किटाचा पुडा फोडायचा. पहिली दोन बिस्किटं कळायची, त्यानंतरची नाही, एकदम पुडा अर्धा झालेला दिसायचा आणि मग स्वतःचाच राग. माझं हे दोनेक वर्षं चाललं होतं आणि या काळात मी दर सोमवारी ठरवायचे की आजपासून बंद. बुधवारपर्यंत टिकायचं, कधीकधी तेही नाही.

नंतर कळलं ते असं, की ते खाणं माझं काहीतरी काम करत होतं. कसलं काम ते मला माहीत नव्हतं, मी आपली फक्त कामगाराला हाकलत होते, मग तो परत येणारच ना. तर हा लेख त्यावरच आहे. कुठलं खाणं नेमकं काय काम करतंय ते शोधायचं आणि तेच काम करणारं दुसरं काहीतरी त्याच जागी बसवायचं. डाएट, कॅलरी, वजन यातलं काहीच इथे नाहीये.

आधी सात दिवस फक्त लिहायचं, खाणं थांबवायचं नाही

हे लोकांना विचित्र वाटतं पण पहिला आठवडा जसं खाता तसंच खायचं. लगेच बंद केलंत तर बघायला काही उरतच नाही, आणि वर "खायचं नाही खायचं नाही" म्हटलं की दिवसभर डोक्यात तेच.

एक छोटी वही घ्या किंवा फोनमधलं नोट्स अ‍ॅप. जेवणाव्यतिरिक्त तोंडात काहीही टाकण्याआधी, म्हणजे पहिल्या घासाच्या आधी, इतकं लिहायचं: किती वाजलेत, मी कुठे आहे आणि बसलेय की उभी आहे, गेल्या अर्ध्या तासात काय घडलं, शरीरात कुठे काय जाणवतंय, आणि भूक ० ते १० मध्ये किती. मग खा. आणि वीस मिनिटांनी परत एक ओळ: आता कसं वाटतंय.

खाऊन झाल्यावर सगळं एकदम लिहू असं म्हणू नका. मी पहिले दोन दिवस तेच केलं आणि प्रत्येक नोंदीत "भूक लागली होती" असं आलं, कारण पोटात गेल्यावर मन आपली बाजू मांडायला लागतं. विसरलात तर नंतर लिहा, फक्त बाजूला "नंतर" असं टाका म्हणजे वाचताना त्या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा ते कळेल.

अजून एक चूक जवळपास सगळेच करतात, ती म्हणजे कारणाच्या जागी प्रत्येक वेळी "स्ट्रेस" लिहिणं. सात दिवसांनी वही उघडाल तर सगळीकडे स्ट्रेस स्ट्रेस, त्यातून काय कळणार. त्याऐवजी घडलेली गोष्ट लिहा ("वरिष्ठांचा मेल आला, वेळ मिळाला की फोन करा") आणि भावनेला जरा नेमका शब्द शोधा. धास्ती वेगळी, चिडचिड वेगळी, कंटाळा वेगळा, अपमान वाटणं वेगळं, एकटं वाटणं वेगळं, आणि "सुटले एकदाची" हेही लिहा बरं का, कारण बरंच खाणं टेन्शन संपल्यावर होतं, टेन्शन चालू असताना नाही. शब्द सुचलाच नाही तर शरीराचं लिहा. जबडा आवळलाय, खांदे वर चढलेत, छातीत धडधड, डोळे जड. तेवढं पुरतं.

किती खाल्लं ते मात्र लिहू नका. बिस्किटं मोजायला लागलात की वहीचा हिशोब होतो, हिशोब वाईट आला की लाज वाटते, आणि लाज वाटली की वही कपाटात जाते.

एक गोष्ट आधीच सांगते, ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा आजार झालेला आहे (उपाशी राहणं, खाऊन मुद्दाम ओकणं वगैरे) त्यांनी ही वही एकट्याने सुरू करू नये, डॉक्टर किंवा समुपदेशकाला विचारून करा. नोंदी ठेवण्याचाच नाद लागू शकतो.

माझी वही, जशी होती तशी

सगळी देत नाही, चार-पाच नोंदी:

सोम, संध्या. ६:४०. ओटा, उभी, बॅग खांद्यावर. प्रवास, गर्दी. हात थरथरतायत थोडे. भूक ७. वीस मिनिटांनी: बरं वाटलं, पण आता जेवायची इच्छा गेली.

मंगळ, सकाळ ११:१०. ऑफिसचं टेबल. फोन करा असा मेल. जबडा. भूक २. चॉकलेट. वीस मिनिटांनी: मेल तसाच पडलाय, अजून उघडला नाही.

बुध, रात्री १०:५०. सोफा. घरातले झोपले. थकवा, पण झोपायचं नाहीये. भूक १. चिप्स. वीस मिनिटांनी: अजून फोनच बघतेय.

गुरु, संध्या. ६:४५. ओटा, उभी, बॅग. आज जेवणच तीनला झालं. भूक ३. तरी बिस्किटं.

रवि: संध्याकाळी काहीच नाही.

आठवड्यात एकूण सोळा नोंदी झाल्या. जमिनीवर बसून एकेक चिठ्ठीवर उतरवल्या आणि सारख्या दिसतील त्यांचे ढीग केले. हे असं हातानेच करा, स्क्रीनवर वरून खाली वाचत गेलं की ढीग दिसत नाहीत. माझे तीन झाले: संध्याकाळी ओट्यापाशी पाच, ऑफिसात मेल किंवा फोनच्या आधी चार, रात्री सगळे झोपल्यावर पाच. दोन कुठेच बसेनात, ते सोडून दिले. मला तोपर्यंत वाटत होतं की माझी "स्ट्रेस आला की खाते" अशी एकच सवय आहे. निघाल्या तीन, आणि तिन्हीचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही.

ढीग वाचताना पहिला प्रश्न: ही खरी भूकच तर नाही?

साधारण फरक असा सांगतात की पोटाची भूक हळूहळू चढते आणि साधं जेवण समोर आलं तरी चालतं, मनाची भूक अचानक येते आणि तिला ठरावीकच गोष्ट लागते, कुरकुरीतच किंवा गोडच. म्हणून स्वतःला विचारायचं, आत्ता समोर साधं जेवण आलं तर खाईन का? हो असेल तर भूक आहे. चांगला प्रश्न आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. सहा-सात तास पोटात काही नसेल तर खरी भूकही अचानक येते आणि गोडच मागते. म्हणून भुकेच्या आकड्यासोबत घड्याळ बघा, शेवटचं पोटभर खाणं कधी झालं होतं.

माझ्या ओट्याच्या ढिगात पाचपैकी चार दिवस भूक सहा ते आठ होती. दुपारचं जेवण पाऊण वाजता, घरी पोचायला पावणेसात. सहा तास! त्यात हात थरथरणं. याला मी दोन वर्षं "मनाचा कमकुवतपणा" म्हणत होते, आणि श्वासाचे व्यायाम करत होते. रिकाम्या पोटाला श्वास देऊन काय होणार?

तर ढीग भुकेचा निघाला तर मानसिक उपाय बाजूला ठेवा, आधी खाण्याची वेळ दुरुस्त करा. दोन खाण्यांमध्ये जागेपणी चार-साडेचार तासांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर मधे पोट धरेल असं काहीतरी ठरवून खायचं. मी साडेचारला, टेबलवर बसून, मेल बंद करून खायला लागले. आणि हो, सकाळचं टाळून किंवा दुपारचं अर्धं खाऊन "दिवसभर कंट्रोल" करणारे संध्याकाळी हमखास घसरतात. रात्री जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण टाळायचं, त्यामुळे परत रात्री जास्त, हे चक्र वहीत दिसलं तर बाकी काही करण्याआधी ते तोडा.

पण मग गुरुवारचं काय? भूक ३ होती की

हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. गुरुवारी जेवण उशिरा झालं होतं, भूक नव्हती, दिवसही चांगला गेला होता, तरी ओट्यापाशी उभं राहून बिस्किटं. आणि रविवारी घरातच असून संध्याकाळी काही नाही. म्हणजे भूकही नाही आणि भावनाही नाही, नुसती जागा, वेळ आणि खांद्यावरची बॅग.

यावर अमेरिकेत एक मस्त प्रयोग झालेला आहे, २०११ मध्ये छापून आला. सिनेमा बघायला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिलं, काहींना ताजं आणि काहींना सात दिवसांचं शिळं. ज्यांना सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळंसुद्धा ताज्याइतकंच खाल्लं, आणि वर आवडलं नाही असंही सांगितलं! तेच मीटिंगच्या खोलीत दिलं तेव्हा शिळं कमी खाल्लं. आणि नेहमीचा हात न वापरता दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा सिनेमागृहातही शिळं खाणं कमी झालं. पक्की सवय चव विचारत नाही, ती जागा आणि हालचाल ओळखते.

म्हणून अशा ढिगात भावना शोधत बसू नका, साखळी तोडा. माझी साखळी होती दार, ओटा, पुडा. मी आता दारातून सरळ आतल्या खोलीत जाते, बॅग तिथेच ठेवते, कपडे बदलते, तोंड धुते आणि मगच स्वयंपाकघरात. बिस्किटं घरात आहेत, फक्त ओट्यावरून वरच्या फळीवर गेली, जिथे स्टूल लागतं. साडेचारचं खाणं आणि हे, दोन्ही मिळून तीन आठवड्यांत पाच नोंदींची एक झाली. तीनपैकी सगळ्यात सोपा ढीग हाच होता आणि माझा सल्ला आहे की तुम्हीही सगळ्यात सोप्या ढिगापासूनच सुरुवात करा, सगळ्यात लाज वाटणाऱ्यापासून नाही.

मेलवाला ढीग: खाणं नेमकं काय देत होतं

इथे भूक दोन, म्हणजे नाहीच. खरं तर एकदम धसका बसला की शरीर भूक मारतं, अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, घास उतरत नाही. ताण दिवसच्या दिवस चालू राहिला की मग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वर राहतं आणि ते बऱ्याच जणांची भूक वाढवतं, त्यातही गोड आणि तेलकट गोष्टींची. बऱ्याच जणांची, सगळ्यांची नाही, काही लोक ताणात खाणंच विसरतात, त्यांना हा लेख लागू नाही.

पण माझा मेल अकरा वाजता आला आणि अकरा दहाला चॉकलेट, इतक्या पटकन जे होतं ते भुकेचं नाही. इथे वहीतली वीस मिनिटांनंतरची ओळ कामाला आली. चारही वेळा तिथे एकच गोष्ट: मेल तसाच, फोन केला नाही. म्हणजे चॉकलेट मला शांत करत नव्हतं, ते मला पुढे ढकलायला मदत करत होतं. खाताना माणूस "काहीतरी करत" असतो ना, त्यामुळे मेल न उघडल्याचं वाईट वाटत नाही.

आणि शांत करण्याचं म्हणाल तर ते किती टिकतं? जर्मनीत झालेल्या आणि २००७ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात लोकांना उदास करणारा सिनेमाचा तुकडा दाखवून मग चॉकलेट दिलं. आवडीच्या चॉकलेटने मूड सुधारला, खरंच सुधारला, पण परिणाम जेमतेम तीन मिनिटं. मी हे वाचून चॉकलेट सोडलं नाही, पण तीन मिनिटं हा आकडा डोक्यात बसला.

आता काम कळलं की बदली शोधायची. पहिल्यांदा मी श्वास वापरला: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. धडधड कमी झाली पण मेल तिथेच, त्यामुळे दहा मिनिटांत परत चॉकलेट. मग चक्कर मारून आले, तेच. चुकलं काय, तर हे दोन्ही उपाय धडधडीवर होते आणि काम होतं पुढे ढकलण्याचं. शेवटी चाललं ते हे: पाच श्वास, मेल उघडायचा, कागदावर (स्क्रीनवर नाही) दोन वेड्यावाकड्या ओळींत कच्चं उत्तर, पाठवायचं नाही, आणि मग उठून पाणी भरून आणायचं. एकदा मेल वाचला की दहातल्या आठ वेळा तो कल्पनेपेक्षा सौम्यच निघतो. उरलेल्या दोन वेळा चॉकलेट खाते, आणि ठीक आहे.

रात्रीचा ढीग, आणि त्याच चिप्सचं दुसरं काम

रात्री अकराला मला वाटायचं की हा कंटाळा आहे किंवा थकवा. म्हणून बदली म्हणून गरम पाणी पिऊन बघितलं (लेखांमध्ये सगळीकडे लिहिलेलं असतं), अक्षरशः अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवसांनी परत चिप्स. मग वहीत नीट बघितलं तर पाचही नोंदींत "घरातले झोपले" होतं. ती दिवसातली पहिली वेळ जेव्हा कुणी मला काही मागत नव्हतं. चिप्सचा पुडा फोडणं म्हणजे आता माझा वेळ सुरू झाला अशी घंटा. गरम पाणी ती घंटा कशी होणार?

मग मी तो अर्धा तास पुढे आणला. रात्री नऊ ते साडेनऊ, खोलीचं दार बंद, घरच्यांना सांगून ठेवलेलं की या वेळात विचारू नका. पहिले चार दिवस विचारलंच, मग बंद झालं. आणि त्या अर्ध्या तासात टीव्ही किंवा फोन नाही, हाताचं काम. मी विणकाम करते, तुम्ही चित्रं रंगवा, कोडी जुळवा, काहीही, पण डोळे आणि हात दोन्ही गुंतले पाहिजेत. याला कारण आहे. खायची तलफ बरीचशी चित्रासारखी येते, तो पुडा, तो कुरकुर आवाज, चव, आणि डोक्यात तेच चित्र रंगत जातं. डोळ्यांना दुसरं जुळवायचं काम दिलं की त्या चित्राला जागा उरत नाही. संशोधकांनी टेट्रिससारखा ब्लॉक जुळवायचा गेम तीनच मिनिटं खेळायला लावला तरी लोकांची तलफ कमी झाली. टीव्हीने हे होत नाही, कारण टीव्ही बघताना हात मोकळे असतात, आणि मोकळा हात कुठे जातो ते सांगायला नको. वर उशिरापर्यंत जागलं की झोप कमी, आणि कमी झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

पण म्हणून सगळ्यांनी दार बंद करून विणायला बसू नका. माझ्या मैत्रिणीची वही बघितली तर वेळ तीच, साडेदहा, सोफा तोच, चिप्स त्याच. पण ती एकटी राहते, आणि तिच्या नोंदींत होतं "आज कुणाशीच बोलले नाही". तिला अजून अर्धा तास एकटं बसवलं असतं तर पुडे दोन झाले असते. तिने बहिणीशी ठरवून मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊला फोन लावायला सुरुवात केली, बाकीच्या दिवशी कुणालातरी व्हॉइस मेसेज. "स्ट्रेस आला की हे करा" अशा याद्या म्हणूनच फारशा चालत नाहीत, खाणं एकच दिसतं पण प्रत्येकाच्या घरी ते वेगळं काम करतं.

बदली ठरली की एका ओळीत लिहा: जेव्हा अमुक, तेव्हा तमुक

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. नुसतं "मी कमी खाईन" ठरवण्यापेक्षा वेळ-जागा-कृती जोडून ठरवलेलं जास्त पाळलं जातं. ओळ अशी हवी: "जेव्हा मी संध्याकाळी दार उघडेन, तेव्हा बॅग घेऊन सरळ आतल्या खोलीत जाईन." जेव्हाच्या भागात डोळ्याला दिसणारी गोष्ट हवी. "जेव्हा स्ट्रेस येईल तेव्हा" हे चालत नाही, कारण स्ट्रेस कधी आला ते आपल्याला पुडा अर्धा झाल्यावर कळतं. "जेव्हा वरिष्ठांचं नाव इनबॉक्समध्ये दिसेल तेव्हा" हे चालतं. आणि तेव्हाच्या भागात काय करणार ते लिहा, काय नाही करणार ते नको. "तेव्हा मी चॉकलेट खाणार नाही" लिहिलंत तर परत चॉकलेटच डोळ्यासमोर.

एका वेळी एकच ओळ. मी उत्साहाच्या भरात तिन्ही एकदम सुरू केल्या आणि आठवड्यात तिन्ही बंद पडल्या. मग एक घेतली, तीन आठवडे फक्त तीच. नवीन सवय आपोआप व्हायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये एक अभ्यास झालाय, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज. २१ दिवसांत सवय वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या.

तलफ आलीच तर ती दहा मिनिटं

ओळ पाठ आहे, बदली तयार आहे, तरी कधी हात निघतोच. तेव्हासाठी अ‍ॅलन मार्लेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व्यसनं सोडणाऱ्या लोकांसोबत वापरलेली पद्धत आहे, तलफेला लाटेसारखं बघायचं. लाट चढते, टोकाला जाते, उतरते, तुम्ही काही केलं नाही तरी. आपल्याला वाटतं ती चढतच राहील, म्हणून आपण टोकाआधीच खातो आणि उतार कधी बघतच नाही.

फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि बसा. तलफ शरीरात कुठे आहे ते शोधा, माझी जिभेच्या मागच्या बाजूला आणि हातांच्या तळव्यात असते. तिला घालवायचं नाही, नुसतं बघायचं, वाढली का, सरकली का. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मन जोरदार वकिली करतं ("एवढ्याने काय होतंय", "आजचा दिवस किती वाईट गेला माहितीये ना"), ते ऐकू येऊ दे. पाचव्या-सहाव्याच्या आसपास कधीतरी लक्षात येतं की दोन सेकंद आपण दुसराच विचार करत होतो. तो उतार. काहींची लाट लांब असते, वीस-तीस मिनिटं.

टायमर वाजल्यावरही हवंच असेल तर खा. मनापासून सांगते, खा. फक्त ताटलीत काढून, बसून, पुडा परत जागेवर ठेवून. ही परवानगी नसेल तर दहा मिनिटं म्हणजे शिक्षा वाटते आणि लोक टायमरच लावत नाहीत. भूक सहाच्या वर असेल तर मात्र हा प्रकार करायचाच नाही, सरळ जेवायचं.

घसरलात तर

घसरणारच. अर्धा पुडा गेल्यावर जे वाक्य मनात येतं ना, "आता गेलंच आहे तर संपवूनच टाकू", खरं नुकसान ते वाक्य करतं. १९७५ च्या एका प्रयोगात हेच दिसलं, खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला तर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की आजचा दिवस गेला, असा हिशोब. त्यावर माझा उपाय म्हणजे वहीत फक्त एक ओळ, वेळ आणि आधी काय घडलं, बाकी काही नाही. आणि पुढचं जेवण वेळेवर, पूर्ण. त्या लंडनच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

पण काही गोष्टी वहीने सुटणाऱ्या नाहीत, त्या ओळखता आल्या पाहिजेत. थोड्या वेळात, म्हणजे तास-दोन तासांत, इतरांपेक्षा खूपच जास्त खाल्लं जातंय, मधे थांबताच येत नाही असं वाटतंय, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालू आहे, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर नावाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खाल्ल्यावर ओकून टाकणं, रेचक घेणं, भरपाई म्हणून दिवसभर उपाशी राहणं यातलं काही असेल तर तीन महिने वाट बघू नका. स्टेरॉइड आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्यांनी भूक वाढते, नवीन गोळी सुरू झाल्यापासून खाणं वाढलं असेल तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि डायबेटिसवर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर थरथर, घाम आणि अचानक गोड खावंसं वाटणं ही साखर खाली गेल्याची खूण असू शकते. तेव्हा दहा मिनिटांचा टायमर अजिबात नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तसं लगेच गोड घ्यायचं.

दीड-दोन महिन्यांनी परत तीन दिवस वही

रोज आयुष्यभर लिहायची गरज नाही. पहिली ओळ अंगवळणी पडली की दुसरी घ्या, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा, परत तसंच लिहा. वजनापेक्षा यात जास्त कळतं. माझ्या दुसऱ्या वहीत तीन दिवसांत चार नोंदी होत्या. ओट्याचा ढीग गायब, रात्रीची एक, मेलवाल्या दोन, आणि एक नवीनच, शनिवारी दुपारी साडेतीन, स्वयंपाकघर, उभी, पाहुणे गेल्यानंतर, "सुटले एकदाची". त्या नोंदीपुढे मी अजून जेव्हा-तेव्हाची ओळ लिहिलेली नाहीये, आधी बघतेय की पाहुणे परत आले की परत होतं का.